दोन हजारांत हेडफोन घेताना: आधी माईक, मग कोडेक, शेवटी ड्रायव्हर

माझी भाची डोंबिवलीला राहते. एका कंपनीच्या ग्राहकांशी फोनवर बोलणं हे तिचं काम. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस लोकलने ऑफिस. दोन महिन्यांपूर्वी तिने सतराशे रुपयांचे इअरबड्स घेतले. खोक्यावर १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, चार माईक, ब्लूटूथ ५.३ असं सगळं लिहिलेलं. गाणी छान वाजायची. पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की समोरचा दुसऱ्याच मिनिटाला म्हणायचा, "मॅडम, आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय." एकदा तिने सांगितलेले सात हजार समोरच्याने साठ हजार ऐकले, तेव्हा तिने मला फोन केला. "मामा, अजून दोन हजार घालू शकते, त्याहून जास्त नाही. काय घेऊ?"

सभा-समारंभांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे माईक तोंडापासून किती लांब आहे हे आधी बघायची मला सवय आहे. तिचं उत्तर शोधताना आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. लोक सहसा उलट्या क्रमाने जातात. आधी ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, किती मोठा ते बघतात, मग कोडेकचं, म्हणजे आवाज घडी घालून पाठवायच्या पद्धतीचं, नाव, आणि कॉल कसा होतो ते खरेदीनंतर कळतं. पैसे मोजके असतील तर क्रम बदला, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेल्या गोष्टींचा कॉलशी सगळ्यात कमी संबंध असतो.

पहिली पायरी: माईक चालू झाल्यावर काय होतं ते समजून घ्या

ब्लूटूथवर आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातो. तुम्ही नुसतं ऐकत असता तेव्हा एक वाट वापरली जाते. तिच्यात दोन्ही कानांना वेगळा, भरपूर तपशिलाचा आवाज मिळतो. एसबीसी, एएसी, एलडॅक ही कोडेकची नावं याच वाटेवरची. पण कॉल घेतला किंवा मीटिंगमध्ये माईक उघडला, की तोच इअरफोन दुसऱ्या वाटेवर जातो, कारण आता आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो. ही वाट अरुंद आहे. इथे एलडॅक नसतो आणि एएसीही नसतो. कॉल घेताच गाण्याचा आवाज अचानक रेडिओसारखा बसका का होतो, याचं कारण हेच.

त्या अरुंद वाटेवरही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीव्हीएसडीमध्ये, आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्याएवढीच कंपनं पकडता येतात, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गळून जातं. नव्या पद्धतीत, एमएसबीसीमध्ये, १६ हजार नमुने घेतात, त्यामुळे जवळजवळ ८ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो. ऐकताना हा फरक मोठा वाटतो. 'स' आणि 'फ' यांना वेगळं करणारी सळसळ बरीचशी ४ हजार हर्ट्झच्या वर असते. 'सात' आणि 'साठ' यांतला फरक तर 'त' आणि 'ठ' उच्चारतानाच्या क्षणभराच्या स्फोटात असतो आणि त्याच्याही वरच्या कडा कापल्या जातात. भाचीचे सात हजार तिथेच साठ झाले.

अलीकडे तिसरा प्रकारही आला आहे. एलसी३ हा नवा कोडेक कॉलसाठी ३२ हजार नमुन्यांपर्यंत जाऊ शकतो. पण तो फोन किंवा लॅपटॉप आणि इअरफोन, दोन्हींत असावा लागतो. ब्लूटूथ ५.३ छापलेलं आहे म्हणून तो आत आहेच असं मुळीच नाही. आवृत्तीचा आकडा आणि आवाजाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'LE Audio' किंवा 'LC3' हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतील तरच तो आहे असं धरा.

आणखी एक गोष्ट. इअरफोन चांगला असला तरी पुढची वाट अरुंद असू शकते. टाकी कितीही मोठी असो, पाणी नळाच्या तोटीएवढंच येतं. दोन्ही बाजूंना फोरजीवरचा व्हीओएलटीई कॉल असेल तर आवाज साधारण ७ हजार हर्ट्झपर्यंत जातो. एक बाजू टूजीवर असेल तर सगळा कॉल जुन्या लँडलाइनसारखा होतो, आणि दोष मात्र इअरफोनला लागतो. म्हणून तुलना करताना सगळे कॉल एकाच प्रकारचे करा. आम्ही सगळी चाचणी वायफायवर केली.

दुसरी पायरी: माईक तोंडापासून किती लांब आहे ते मोजा

हे अक्षरशः फुटपट्टीने मोजा. कानात बसणाऱ्या इअरबडचा माईक तोंडापासून १० ते १२ सेंटिमीटरवर असतो, शिवाय तोंडाच्या मागच्या बाजूला. खाली दांडी असलेला इअरबड असेल तर माईक दोनेक सेंटिमीटर जवळ येतो. नेकबँडचा माईक गळ्याजवळच्या पट्टीत किंवा वायरवर असतो. वायरवाल्या इअरफोनचा माईक गालाखाली लोंबतो, तोही १० सेंटिमीटरच्या आसपास, पण तोंडाच्या पुढच्या बाजूला. दांडीचा माईक असलेल्या हेडसेटमध्ये मात्र तो ओठांपासून ३ सेंटिमीटरवर आणता येतो.

मोकळ्या जागेत माईकचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज त्याला ६ डेसिबल जास्त मिळतो. पंख्याचा, रस्त्याचा, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण ते सगळं लांबून येतं. १२ वरून ६ आणि ६ वरून ३, म्हणजे दोनदा निम्मं. एकूण १२ डेसिबलचा फायदा, आणि त्यासाठी एकही चिप लागत नाही. स्वस्त इअरबडमधला आवाज गाळणारा प्रोग्राम हे अंतर भरून काढायचा प्रयत्न करतो, पण गाळताना तो शब्दांची टोकं खातो. 'केलंय' चं 'केलं' होतं, वाक्याचा शेवट पाण्याखालून आल्यासारखा येतो.

खोक्यावर 'ENC' आणि 'ANC' ही दोन नावं दिसतील आणि दुकानात ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. 'ENC' समोरच्यासाठी आहे. तुमच्या माईकमध्ये शिरणारा गोंगाट ते कमी करतं. 'ANC' तुमच्या स्वतःच्या कानासाठी आहे. लोकलची घरघर किंवा एसीचा घूं असा एकसारखा, खर्जातला आवाज ते कमी करतं. शेजारच्यांच्या गप्पांवर, भोंग्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. 'ANC' आहे म्हणून कॉल चांगला होईल ही समजूत खर्चिक ठरते. दोन हजारांच्या आत त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा कानात घट्ट बसणारी सिलिकॉनची टोपी निवडणं मला जास्त पटतं. ती शेजारच्या गप्पाही थोड्याफार अडवते.

तिसरी पायरी: चाचणी स्वतः घ्या

परीक्षणांमध्ये माईकची चाचणी बहुधा शांत खोलीत घेतलेली असते. आपली खोली तशी नसते. चाचणीसाठी एक वाक्य ठरवा, ज्यात आपल्या भाषेतले अवघड आवाज असतील. आमचं वाक्य असं होतं: "साठ नाही, सात. फणसाची साल, शेवग्याची शेंग, छत्तीस हजार पाचशे सदुसष्ट." प्रत्येक यंत्रावर हेच वाक्य, त्याच जागी बसून, त्याच आवाजात म्हणायचं. एकदा पंखा बंद ठेवून, एकदा पंखा पाचवर आणि खिडकी उघडी ठेवून, आणि एकदा स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना.

रेकॉर्ड करताना एक मोठी फसगत होते. अँड्रॉइडवर ब्लूटूथ जोडलेला असला तरी रेकॉर्डरची अनेक अ‍ॅप फोनचाच माईक वापरतात. आपण समजतो इअरबडचा आवाज चांगला आहे, आणि तो असतो फोनचा. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू असताना इअरबडच्या माईकच्या छिद्राशेजारी नखाने दोनदा टिकटिक करा, मग फोनच्या खालच्या कडेला करा. ऐकताना ज्याची टिकटिक ठणठणीत येते तो माईक वापरला गेला. ही खात्री झाल्याशिवाय एकही तुलना मोजू नका.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे खरा कॉल. घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल लावा, तो फोन लांबच्या खोलीत स्पीकरवर ठेवा आणि तिथे तिसऱ्या फोनने तो आवाज टिपा. स्पीकरमुळे दर्जा थोडा उतरतो, पण सगळ्यांचाच सारखा उतरतो, त्यामुळे तुलना खरी राहते. लॅपटॉपवर काम असेल तर आणखी सोपं. विंडोजमधल्या रेकॉर्डरमध्ये आधी इनपुट म्हणून योग्य माईक निवडा आणि बोला. झूम वापरत असाल तर `zoom.us/test` या पत्त्यावर चाचणीची मीटिंग उघडते आणि तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकवते.

भाचीकडचे इअरबड्स, शेजारच्या काकूंचा नेकबँड, माझा माईकवाला वायरचा इअरफोन आणि तिच्या सहकारी मुलीचा यूएसबी हेडसेट, अशी चार यंत्रं आम्ही एका रविवारी दुपारी जमवली. शांत खोलीत नेकबँड आणि वायरवाला जवळजवळ सारखे वाटले, इअरबड्स थोडे पोकळ. पंखा पाचवर केला आणि चित्र बदललं. इअरबड्सवर पंखा ऐकूच येत नव्हता, पण 'सदुसष्ट' चा शेवटचा 'ष्ट' ही गेला होता. नेकबँडवर पंखाही होता आणि शब्दही होते. वायरवाल्यावर शब्द स्पष्ट, पण मान हलवली की माईक ओढणीवर घासायचा आणि खरखर यायची. चिमट्याने वायर ओढणीपासून दूर अडकवली तेव्हा ती थांबली. मंगळसूत्र किंवा साखळी घालत असाल तर लोंबता माईक तिच्यावर आपटत नाही ना, हे जरूर बघा. यूएसबी हेडसेटवर मिक्सर चालू असतानाही 'साठ नाही, सात' नीट कळलं. मिक्सर ऐकू येत होता, पण शेजारच्या घरातला वाटत होता.

हेडसेटचा माईक मात्र थेट ओठांसमोर ठेवला की 'फ' आणि 'प' ला हवेचा फटका बसून धप्प आवाज येतो. तो ओठांच्या कोपऱ्याजवळ, थोडा बाजूला ठेवायचा. एवढ्याने धप्प नाहीसं झालं.

पैसे न घालता होणारी एक दुरुस्ती

लॅपटॉपवर ब्लूटूथ इअरफोन वापरणाऱ्यांनी नवीन काही घेण्याआधी हे करून बघावं. विंडोज १० मध्ये एकाच इअरफोनची आवाजाच्या यादीत दोन नावं दिसतात. एकापुढे `Stereo` असतं, दुसऱ्यापुढे `Hands-Free AG Audio`. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर म्हणून `Stereo` वालं निवडा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक. इअरफोनचा माईक उघडलाच नाही, तर तो अरुंद वाटेवर जातच नाही. समोरच्याचा आवाज एकदम मोकळा येतो, आणि लॅपटॉपचा माईक तोंडापासून हातभर अंतरावर असला तरी शांत खोलीत बऱ्याचदा इअरबडपेक्षा बरा निघतो. विंडोज ११ मध्ये दोन नावं एकत्र केलेली दिसतील. तिथे फक्त इनपुट बदलून लॅपटॉपचा माईक निवडायचा.

भाचीच्या खोलीत हे अर्धंच चाललं. तिला ऐकू छान येऊ लागलं, पण लॅपटॉपच्या माईकने पंखा, कीबोर्डची टकटक आणि खालच्या रिक्षाही उचलल्या. ज्यांची खोली शांत आहे त्यांचं काम मात्र इथेच भागेल.

चौथी पायरी: कोडेक दोन्ही टोकांना जुळवा

आता नुसतं ऐकण्याचा विचार. कोडेक म्हणजे आवाजाची घडी घालून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची पद्धत. दोन्ही बाजूंना तीच घडी यायला हवी. इअरफोनमध्ये एलडॅक आहे आणि फोनमध्ये नाही, तर दोघं मिळून खालच्या, दोघांनाही येणाऱ्या कोडेकवर येतात. एसबीसी सगळ्यांना यावाच लागतो, म्हणून तो शेवटचा आधार.

आयफोनसाठी प्रश्न सोपा आहे. त्यात संगीतासाठी एसबीसी आणि एएसी एवढेच आहेत. आयफोन वापरणाऱ्याने एलडॅक किंवा अ‍ॅप्टएक्ससाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. अँड्रॉइडमध्ये २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून एलडॅकची सोय आहे, पण तुमच्या फोनमध्ये खरोखर काय चालतंय ते बघूनच घ्या. सेटिंग्जमध्ये `About phone` उघडा, `Build number` वर सात वेळा टिचकी मारा. मग `Developer options` दिसू लागेल. इअरफोन जोडून, गाणं चालू ठेवून तिथलं `Bluetooth Audio Codec` बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही नावं थोड्या वेगळ्या जागी असतात. तिथे जे निवडलेलं दिसेल ते खरं, खोक्यावरचं नाही. या यादीतल्या बाकीच्या गोष्टींना हात लावू नका.

आकड्यांत सांगायचं तर चांगला जुळलेला एसबीसी सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो आणि एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० या तीन पायऱ्यांवर चालतो. ९९० बघून मोह होतो, पण दादरच्या पुलावर गर्दीत चालताना तो आवाज तुटक होतो, कारण त्याच लहरींवर आजूबाजूचे शेकडो फोन बोलत असतात. मग तो स्वतः खालच्या पायरीवर उतरतो किंवा अडखळतो. एलडॅक वापरायचाच तर ६६० वर किंवा आपोआप बदलणाऱ्या पर्यायावर ठेवा. एएसीचा दर्जा अँड्रॉइडमध्ये फोनगणिक बदलतो, कारण घडी घालायचं काम फोन करतो. झांजा किंवा टाळ चिरके, काचेसारखे वाटत असतील तर `Bluetooth Audio Codec` मध्ये एसबीसी निवडून तेच गाणं परत ऐका. कधीकधी एसबीसी बरा निघतो.

माझं मत स्पष्ट आहे. दोन हजारांच्या आतल्या इअरफोनमध्ये एसबीसी आणि एलडॅक यांतल्या फरकापेक्षा कानात नीट बसणं आणि न बसणं यांतला फरक कितीतरी मोठा असतो. कोडेकच्या नावासाठी पाचशे रुपये जास्त द्यायचे असतील तर ते देऊ नका. त्याऐवजी फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडायची सोय, म्हणजे मल्टिपॉइंट, आहे का ते विचारा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना घरचा फोन आला की ती सोय रोज उपयोगी पडते.

पाचवी पायरी: ड्रायव्हर, पण कानाने

ड्रायव्हर म्हणजे इअरफोनच्या आतला छोटा स्पीकर. या किमतीत तुम्हाला बहुतेक डायनॅमिक ड्रायव्हर मिळेल. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि मागे चुंबक. गुंडाळीतून वीज गेली की ती चुंबकाजवळ पुढेमागे होते, पडदा हलतो, हवा ढकलली जाते. साधी आणि टिकाऊ रचना, खर्ज सहज देणारी. दुसरा प्रकार बॅलन्स्ड आर्मेचर. तो मूळचा श्रवणयंत्रांतला, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या डबीत बसणारा. शब्दांचे, तंतुवाद्यांचे बारकावे तो सुरेख देतो, पण त्याचा खर्ज मर्यादित असतो आणि टोपी थोडी जरी सैल बसली तरी आवाज पत्र्यासारखा होतो. तिसरा प्लॅनर, ज्यात सपाट पडद्यावरच तारेची नक्षी असते. तो चांगल्या दर्जाचा हवा असेल तर दोन हजारांच्या पुढेच जावं लागतं.

काही वायरच्या इअरफोनमध्ये एक डायनॅमिक आणि एक आर्मेचर असं जोडकाम मिळतं. दोघांचं जमलं तर छान. नाही जमलं तर गायकाचा आवाज एका जागी आणि 'स' ची सळसळ दुसरीकडून येते. हजार-बाराशे रुपयांत दोन-तीन ड्रायव्हर कोंबलेल्या इअरफोनपेक्षा एकच चांगला बसवलेला डायनॅमिक मी केव्हाही निवडेन. मिलिमीटरचंही तसंच. १० चा ड्रायव्हर १३ पेक्षा कमी असं काही नाही. पडदा कशाचा आहे, मागे हवेला किती जागा आहे, कंपनीने आवाज कसा जुळवला आहे, यावर सगळं ठरतं आणि यातलं काहीच मिलिमीटरमध्ये दिसत नाही.

मग ऐकायचं काय? ओळखीचं काहीतरी घ्या, ज्यात तबला, तानपुरा आणि एकच गाणारा आवाज आहे. आधी बायां ऐका. गुमक्यांमध्ये मनगटाने दाबून चढवलेला स्वर वेगळा कळतो का, की नुसतं 'धुम्म' येतं? मग तानपुरा. जवारीची ती झणझण गाण्याच्या मागे सलग ऐकू येते का, की गायक आला की ती नाहीशी होते? शेवटी गायकाचे शब्द. खर्ज फुगवलेला इअरफोन पहिल्या मिनिटाला भारी वाटतो, पण पाचव्या मिनिटाला गायक तबल्याच्या मागे जाऊन बसलेला जाणवतो. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचं असेल तर असा इअरफोन थकवतो, आणि शब्द कळावेत म्हणून आपण आवाज वाढवत जातो.

हे सगळं टोपी नीट बसली असेल तरच खरं. सोबत येणाऱ्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून बघा. नीट बसली की बोटाने कानाशेजारी चुटकी वाजवली तर ती लांबून आल्यासारखी येते आणि इअरफोनमधला खर्ज एकदम भरतो. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. भाचीच्या उजव्या कानाला मधली आणि डाव्याला लहान लागली. दोन महिने ती डाव्या कानात खर्ज कमी आहे अशी तक्रार करत होती. ती तक्रार एका टोपीने संपली.

सहावी पायरी: जोडणीच्या अडचणी

वायरचा पर्याय निवडलात तर दोन गोष्टी आधी बघा. फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक नसेल तर टाइप-सी कनेक्टर लागेल, आणि त्यात दोन जाती आहेत. एका जातीत नुसत्या तारा असतात. ती फोनकडून तयार आवाज मागते, आणि बरेच फोन तो देत नाहीत. दुसऱ्या जातीत डॅक, म्हणजे आवाज तयार करणारी चिप, आतच असते. तीच घ्या. ओळखायचं कसं? तो कनेक्टर लॅपटॉपच्या टाइप-सीला लावा. आवाजाच्या यादीत नवं नाव उगवलं तर चिप आहे, काहीच झालं नाही तर बहुतेक नुसत्या तारा.

दुसरी अडचण डेस्कटॉपची. जुन्या संगणकांना माईक आणि हेडफोन यांची वेगवेगळी भोकं असतात. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात आणि ती एकाच भोकात माईकसकट जाते. ती थेट लावली तर ऐकू येईल, पण माईक चालणार नाही. त्यासाठी दोन फाटे असलेला स्प्लिटर मिळतो, तो स्वस्त असतो. यूएसबी हेडसेटला ही भानगड नाही.

बिनतारी काही घेत असाल तर खोक्यावर 'R-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. भारतात बिनतारी हेडफोन-इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आणि तो क्रमांक `BIS Care` अ‍ॅपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं. रस्त्यावरच्या हुबेहूब नकला इथेच उघड्या पडतात. आणि बॅटरीचं लक्षात ठेवा. इअरबडच्या आतला सेल नखाएवढा असतो, रोज भरला-रिकामा झाला की दोन-तीन वर्षांत त्याचा दम निम्म्यावर येतो, आणि तो बदलायची सोय बहुधा नसते. नेकबँडमध्ये मोठा सेल मावतो म्हणून तो जास्त दिवस पुरतो. वायरवाल्याला हा प्रश्नच नाही, तो जातो ते पिनजवळची तार तुटून. त्यामुळे पिन सरळ नव्हे तर काटकोनात वळलेली असेल आणि तिथे रबराची बाही असेल, तर ते चांगलं लक्षण.

भाचीने काय घेतलं

एकाच यंत्रात सगळं शोधायचं नाही, हे आम्ही आधी ठरवलं. दिवसाचे सहा तास ती लॅपटॉपसमोर बोलते, म्हणून पैशांचा मोठा वाटा तिकडे. दांडीचा माईक असलेला यूएसबी हेडसेट साडेबाराशेला घेतला. तो कानावर बसणारा, हलका, आणि माईक बंद करायचं बटण वायरवर असलेला. बटण वायरवर असणं ही छोटी गोष्ट नाही. दारावर बेल वाजली की ती लॅपटॉपकडे न बघता आवाज बंद करते. फोनसाठी माईकवाला, एका डायनॅमिक ड्रायव्हरचा साधा वायरचा इअरफोन साडेसहाशेला. तिच्या फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, म्हणून कनेक्टरचा खर्च वाचला. शंभर रुपये उरले. इअरबड्स तिच्याकडेच आहेत, लोकलमध्ये गाणी ऐकायला ते उत्तम चालतात.

तिचं काम घराबाहेर, चालताना फोन घेण्याचं असतं तर मी तिला नेकबँड सुचवला असता, ज्याचा माईक वायरवर तोंडाजवळ येतो आणि कॉलरखाली दबत नाही. वाऱ्यात मात्र तोही हरतो. भन्नाट वारा असेल तर फोन हातात घेऊन कानाला लावणं अजूनही सगळ्यात स्पष्ट. आणि जो फक्त संगीत ऐकतो, कॉल क्वचित घेतो, त्याने सगळे पैसे एका चांगल्या वायरच्या इअरफोनमध्ये घालावेत. त्या किमतीचा बिनतारी इअरफोन त्याच्या जवळपासही येत नाही, कारण बिनतारीत तेवढ्याच पैशांत बॅटरी, चिप आणि डबीही बसवावी लागते.

हेडसेट आला त्या संध्याकाळी आम्ही तीच चाचणी परत घेतली. परत करायची मुदत सात दिवसांची होती, म्हणून खोकं फेकलं नाही आणि पहिल्या तीन दिवसांत तिने तो मुद्दाम रोज पूर्ण वेळ वापरला. दुसऱ्या दिवशी कानाच्या वरच्या कडेला दुखायला लागलं. पट्टी एक खाच सैल केली, दुखणं थांबलं. चौथ्या दिवशी तिने मिक्सर चालू असताना एका ग्राहकाला थकबाकीचा आकडा सांगितला आणि त्याने तो तसाच परत म्हणून दाखवला: छत्तीस हजार पाचशे सदुसष्ट नव्हता, पण 'सात' त्यातही होता.